डब्ल्यूटीओमुळं आमच्या उसाचा दर अडकलाय का? (२०१८-१९ च्या बिलातले टनाला १३८ रुपये ८० पैसे)

अथणीचा_ऊसवाला

नमस्कार मंडळी. परवा गावात ऊसदराची बैठक होती, तिथं एका पुढाऱ्यानं भाषणात सांगितलं की जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेनं, म्हणजे डब्ल्यूटीओनं, आपली एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, बेकायदेशीर ठरवलीय, म्हणून सरकारला दर वाढवता येईना आणि कारखानदार पण त्याच जोरावर गप्प बसलेत. टाळ्या पडल्या, पण मला काय ते पटेना. घरी येऊन जुन्या बिलांचं गाठोडं काढलं. २०१८-१९ च्या हंगामात माझा ११२ टन ऊस गेला होता. त्या वर्षीचं पासबुक बघितलं तर नेहमीच्या बिलाशिवाय १५,५४५ रुपये ६० पैसे अशी एक वेगळीच जमा दिसुलालीय, ती पण बऱ्याच उशिरा आलेली. भागून बघितलं तर टनाला १३८ रुपये ८० पैसे पडतात. त्यावेळी आम्ही सगळे समजलो दिल्लीचा बोनस आला. आता बैठकीत कोण तरी म्हणालं की ह्याच पैशावरनं ब्राझीलनं केस घातली. एका अथणीच्या शेतकऱ्याच्या खात्यातल्या पंधरा हजारावर ब्राझील कशाला चिडंल, हे कुणी जाणकारानं नीट सांगितलं तर बरं होईल. राजकारण नको, हिशोब पाहिजे.

पंकज_शाहूनगर

दादा, बरोबर ऐकलंय तुम्ही. २०२१ ला निकाल लागला, भारत हरला. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला तिघांनी मिळून केस केली होती. डब्ल्यूटीओनं भारताला दंड लावलाय आणि सबसिडी बंद करायला सांगितलीय, त्यामुळं २०२१ नंतर एक रुपया पण निर्यातीला मिळालेला नाही. एफआरपी पण त्यात आलीच. आता फक्त इथेनॉलवर भागवायचं.

टिळकवाडी_वाचक

पंकज, केस, तीन देश आणि साल बरोबर आहे, पण दंडाचं चुकलं. डब्ल्यूटीओकडं दंड लावायची सोयच नाही. तिथं फार तर एवढंच होतं की हरलेल्या देशानं नियम मोडणं थांबवलं नाही तर जिंकलेला देश त्याच्या मालावर जादा आयात कर लावायची परवानगी मागतो. भारताच्या बाबतीत तिथवर गोष्ट पोचलेलीच नाही, का ते खाली सांगतो.

मी काही वर्षं दिल्लीत ह्याच विषयाच्या कागदपत्रांत काम केलंय, आता निवृत्त होऊन गावी आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अथणीकर, तुमच्याच ११२ टनांवर हिशोब करू.

त्या हंगामात एफआरपी क्विंटलला २७५ रुपये होती, १० टक्के उताऱ्याला, म्हणजे शंभर किलो उसातनं दहा किलो साखर निघाली तर. म्हणजे टनाला २७५०. उताऱ्याचा जादा दर सोडून देऊ. तुमच्या उसाची किंमत झाली ३,०८,००० रुपये. आता डब्ल्यूटीओच्या शेती कराराप्रमाणं, सरकारनं ठरवून दिलेला दर आणि एक जुना ‘बाहेरचा’ दर यातला जो फरक पडतो तो सगळा शेतकऱ्याला दिलेला आधार धरतात. हा बाहेरचा दर १९८६ ते १९८८ च्या सरासरीवर गोठवलेला आहे. उसाला तो टनाला दोनशेच्या आत येतो, त्याच काळात आपल्याकडं उसाची किमान किंमतच क्विंटलला सतरा-अठरा रुपये होती, त्यावरनं अंदाज येईल. हिशोबाला सोपं म्हणून दोनशेच धरू. २७५० मधनं २०० गेले, राहिले २५५०. ११२ टनाला २,८५,६०० रुपये. म्हणजे जिनिव्हाच्या वहीत तुमच्या तीन लाख आठ हजाराच्या उसात दोन लाख पंच्याऐंशी हजार ‘आधार’ म्हणून लिहिले जातात. शंभराला जवळजवळ ९३. आणि विकसनशील देशाला मुभा किती, तर त्या पिकाच्या एकूण किमतीच्या १० टक्के. तुमच्या वाट्याला ३०,८०० रुपये.

प्रत्यक्षात केसमध्ये हा आधार देशभराच्या उसावर मोजतात, एकट्या शेतकऱ्यावर नाही, पण प्रमाण असंच येतं. २०१४-१५ ते २०१८-१९ अशी पाच वर्षं भारतानं ही मर्यादा ओलांडली असा डब्ल्यूटीओनं केस ऐकायला नेमलेल्या पॅनेलचा निष्कर्ष होता. १४ डिसेंबर २०२१ चा अहवाल आहे.

खानापूरची_वैशाली

सर मला हे अजिबात पटलं नाही. एफआरपी सरकार देत नाही, कारखाना देतोय. सरकारच्या खिशातला पैसाच नाही तर त्याला आधार कसं म्हणायचं? आणि १९८६ चा दर आज कोण धरतंय? माझ्या आईला तेव्हा महिन्याला किती पगार होता आणि आज किती, त्यावरनं कुणी तिला श्रीमंत म्हणणार का?

टिळकवाडी_वाचक

वैशालीताई, तुमचा पहिला मुद्दा हाच भारताचा मुख्य बचाव होता. कारखाना पैसे देतो, सरकार ऊस विकत घेत नाही, म्हणून हा आधार नाहीच. पॅनेलनं तो मानला नाही. त्यांचं म्हणणं असं की दर कायद्यानं बांधून दिला आणि त्याच्या खाली ऊस घेता येत नाही, एवढं पुरेसं आहे, पैसे कुणाच्या खिशातनं गेले हा प्रश्न नाही. मला स्वतःला हा निष्कर्ष खटकतो, पण कराराचा मजकूर वाचला की लक्षात येतं त्यात सरकारनं खरेदी केलीच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. १९९४ साली सही करताना ही फट कुणी तरी बघायला पाहिजे होती.

दुसरा मुद्दा, महागाईचा. त्याच करारात एक कलम आहे, १८ वं, त्यात फार मोठ्या महागाईचा विचार करावा असं लिहिलंय, भारत गेली कित्येक वर्षं हे वेगवेगळ्या बैठकांत मांडतोय. पण जुना दर आपोआप वाढवायचं सूत्र त्यात नाही. बाकी तांदळासारख्या पिकांचा हिशोब भारत डॉलरमध्ये कळवतो, त्यात रुपया घसरल्याचा थोडा दिलासा मिळतो. उसाला तसं केलं तर? १९८६-८८ ला डॉलर १३ रुपयांच्या आसपास होता, दोनशे रुपये म्हणजे साधारण १५.३ डॉलर. २०१८ ला डॉलर ७० धरला तर ते १०७० रुपये होतात. २७५० मधनं वजा केले तरी १६८० राहतात, म्हणजे ६० टक्क्यांच्या वर. सांगायचा मुद्दा असा की महागाईची तक्रार खरी आहे, पण नुसती ती दुरुस्त करून भारत दहा टक्क्यांत येत नाही. पूर्ण महागाई धरली तर फरक अजून कमी होईल, पण तेवढं कुणी देणार नाही.

निपाणी_तंबाखूवाला

आमच्या निपाणीची पण हीच कथा हाय की. आमचं पीक तर जागतिक आरोग्य संघटनेनं मारलंय. तंबाखूचा करार केला, पाकिटावर फोटो आलेत, ८५ टक्के जागा फोटोलाच. विडीचा धंदा बसला. आमचा बाबा १९८१ च्या आंदोलनात रस्त्यावर बसलेला, त्यावेळी भाव मागायला सरकारला तरी गाठता येत होतं. आता कुणाकडं जायचं सांगा. उसवाल्यांना निदान एफआरपी तरी हाय, आमच्या जर्दी तंबाखूला काय हाय?

टिळकवाडी_वाचक

मामा, तुमचं दुःख वेगळं आणि तो करार पण वेगळा. तंबाखूच्या करारात भारतानं २००४ साली भाग घेतला, पण फोटो किती मोठा छापायचा हे दिल्लीनंच आपल्या कायद्याखाली ठरवलं. करारात निम्मी जागा असावी आणि तीस टक्क्यांपेक्षा कमी नको एवढंच होतं, ८५ आपण केलं. उलट त्याच करारात १७ वं कलम आहे, तंबाखू पिकवणाऱ्यांना दुसरा परवडणारा मार्ग मिळावा म्हणून सरकारांनी मदत करायची. ते पाळलं नाही म्हणून कुणी केस करू शकत नाही, तिथं फक्त अहवाल द्यायचा असतो. त्यामुळं तुम्ही १७ व्या कलमाच्या जोरावर दिल्लीत आणि बेंगळुरूत भांडलं पाहिजे, जिनिव्हाकडं नाही.

निपाणी_तंबाखूवाला

१७ वं कलम कुणी सांगितलंच न्हाई आजवर आमाला. लिहून ठेवतो. पण दुसरं पीक म्हणजे काय, ऊसच लावा म्हणतील, आणि तिथं तुमचं हे असं.

उगार_कारखाना_अकाउंट्स

मी एका कारखान्यात हिशोब विभागात आहे, नाव घेत नाही. अथणीकर अण्णांच्या त्या १३८.८० चं मी सांगतो, कारण त्या वर्षी ती फाईल मीच हाताळत होतो.

पहिलं म्हणजे तो बोनस नव्हता. केंद्रानं २०१८-१९ ला क्विंटलला १३ रुपये ८८ पैसे असं उसाला साहाय्य दिलं, टनाला १३८.८०. पण ते एफआरपीच्या वरचं नव्हतं, एफआरपीतलाच तुकडा होता. म्हणजे कारखान्यानं तुम्हाला २७५० द्यायचे, त्यातले १३८.८० सरकारनं कारखान्याच्या वतीनं थेट तुमच्या खात्यात टाकले. ज्याचं देणं बाकी होतं त्याला ते मिळालं. ज्याचं पूर्ण चुकतं झालेलं, त्याचे कारखान्याकडं आले. तुमचं बिल तेव्हा थकलेलं असणार, जुनी स्लिप बघा.

दुसरं, हे साहाय्य फुकट नव्हतं. ह्याला अट होती. त्या वर्षी देशभरच्या कारखान्यांना मिळून ५० लाख टन साखर निर्यात करायचा कोटा वाटून दिला होता. तो कोटा बाहेर पाठवला तरच ऊस साहाय्याचा प्रस्ताव पुढं सरकायचा. शिवाय बंदरापर्यंतच्या वाहतुकीला टनाला १००० पासनं ३००० पर्यंत वेगळं, बंदर किती लांब त्यावर.

आणि तो कोटा पाठवणं किती अवघड होतं ते लोकांना माहीत नाही. साखर गोदामात असते पण ती बँकेकडं तारण असते. देशात साखरेचा किमान दर किलोला २९ रुपये, फेब्रुवारी २०१९ पासनं ३१. बाहेरचा दर त्याच्या कितीतरी खाली. बँक म्हणायची आम्ही जास्त दरावर कर्ज दिलंय, तू कमी दरात विकतोस, मधला फरक आधी भर मग गोदामाची किल्ली देतो. फरक भरायचा तर सबसिडी यायला पाहिजे, सबसिडी यायची तर साखर जायला पाहिजे. डिसेंबर-जानेवारीचे दोन महिने आम्ही ह्या चक्रात काढलेत. तोपर्यंत फडात टोळ्या, दारात ट्रॅक्टरची रांग आणि शेतकरी खिडकीशी येऊन बिल कधी विचारणार. उत्तर द्यायला तोंड नव्हतं.

अथणीचा_ऊसवाला

साहेब स्लिप सापडली. पहिली उचल टनाला २३०० ची आहे, बाकी पुढं दोन हप्त्यांत. म्हणजे खरंच थकलेलं होतं. म्हणजे बोनस समजून आम्ही पोरीच्या कॉलेजची फी भरली ते आमचेच पैसे होते तर.

पण वाचक सर, एक अडलं. १५,५४५ म्हणजे ३,०८,००० च्या पाच टक्केच होतात. दहा टक्क्यांच्या आत आहेत. मग ह्याच्यावर आक्षेप कशाला?

टिळकवाडी_वाचक

इथं खरी मेख आहे आणि तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. दहा टक्क्यांची मुभा देशांतर्गत आधाराला आहे. निर्यातीच्या अटीवर दिलेल्या अशा पैशाला भारताला ह्या करारात मुभाच नाही, कारण १९९५ साली आपण साखरेच्या निर्यात सबसिडीची कुठलीच मर्यादा नोंदवून घेतली नव्हती. नोंदवली नाही म्हणजे शून्य. त्यामुळं कारखाना साहेबांनी जी अट सांगितली, ‘कोटा पाठवला तर पैसे’, त्या एका अटीनं ते पाच टक्के निर्यात सबसिडी ठरले. तेच पैसे निर्यातीची अट न घालता दिले असते तर त्यांना निर्यात सबसिडी म्हणता आलं नसतं. दहा टक्क्यांची टोपली एफआरपीनं आधीच भरून सांडत होती ही गोष्ट वेगळी.

तुमचा पहिला प्रश्न होता ब्राझील कशाला चिडंल. त्यांचं गणित बघा. ५० लाख टन साखर एका हंगामात जगाच्या बाजारात सबसिडी लावून आली की दर पडतो, आणि ब्राझील सगळ्यात मोठा निर्यातदार, तिथल्या शेतकऱ्याला पडलेल्याच दरात विकावं लागतं. त्याच्या जागी बसून बघितलं तर त्याची तक्रार खोटी नाही.

पंकज_शाहूनगर

बरं दंडाचं माझं चुकलं. पण सर, निकाल लागून इतकी वर्षं झाली, एफआरपी तर जवळजवळ दरवर्षी वाढायलीय. २०१८-१९ ला २७५, २०२५-२६ ला ३५५. मग निकालाचं झालं काय?

टिळकवाडी_वाचक

निकाल हवेत लटकलाय. पॅनेलनं सांगितलं होतं निर्यात सबसिडी १२० दिवसांत काढा. भारतानं दोन आठवड्यांच्या आत अपील केलं. पण अपील ऐकायला बेंचच नाही. अपिलीय मंडळात सात जण असतात, एक अपील ऐकायला तीन लागतात. अमेरिकेनं नव्या नेमणुका अडवून धरल्या, डिसेंबर २०१९ ला एकच उरला, नोव्हेंबर २०२० ला तो पण गेला. अपील पडून आहे, आणि अपील पडून असेपर्यंत अहवाल मंजूर होत नाही, अहवाल मंजूर नाही तर ब्राझीलला नेहमीच्या वाटेनं जादा कर लावायची परवानगी मागता येत नाही.

ह्यात एक विचित्र गोष्ट आहे. पॅनेलचा अहवाल अडवायचा झाला तर सगळ्या सदस्य देशांनी मिळून नको म्हणावं लागतं, जिंकलेल्या देशानं सुद्धा. तसं कोण कशाला करेल, म्हणून तो मंजूर होतोच. पण न्यायाधीश नेमायला सगळ्यांची हरकत नसावी लागते, एकानं नको म्हटलं की नेमणूक थांबते. दोन्ही नियम त्याच संस्थेचे. पहिल्यामुळं निकाल टाळता येत नव्हते म्हणून डब्ल्यूटीओला दात होते, दुसऱ्यामुळं एका देशानं ते दात काढले.

ब्राझील, ऑस्ट्रेलिया अशा काही देशांनी २०२० मध्ये आपापसात पर्यायी अपिलाची व्यवस्था केली, भारत त्यात नाही. आणि ब्राझीलनं २०२२ मध्ये स्वतःचा कायदा केलाय की समोरचा असं रिकाम्या कोर्टात अपील करून बसला तर आम्ही ठरावीक मुदतीनंतर आमच्या बाजूनं उपाय करू. साखरेवर तो अजून वापरलेला नाही.

खानापूरची_वैशाली

म्हणजे आज आपल्या सोयीचं आहे म्हणून बरं वाटतंय, पण उद्या युरोप नाहीतर अमेरिकेनं आपल्यावर काही लादलं आणि आपण केस जिंकली तर ते पण असंच रिकाम्या बेंचकडं अपील करून बसतील की. मग आपण काय करणार?

टिळकवाडी_वाचक

हो. नेमकं तेच. इंडोनेशियानं साखर नाही पण निकेलच्या केसमध्ये युरोपविरुद्ध हेच अपील केलंय. उद्या आपण दुसऱ्या बाजूला असू शकतो. भारत म्हणूनच बेंच पुन्हा सुरू करा असं म्हणतोय आणि त्याच वेळी त्याच रिकाम्या बेंचचा आधार पण घेतोय. मला ह्याचं उत्तर सापडलेलं नाही.

पंकज_शाहूनगर

पण निर्यात सबसिडी तर बंद झालीच ना? २०१९-२० ला टनाला १०,४४८ रुपये होते, २०२०-२१ ला ६००० आणि मग मध्येच ४०००, त्यानंतर शून्य. हे डब्ल्यूटीओच्या भीतीनंच झालं असणार.

उगार_कारखाना_अकाउंट्स

मला तसं वाटत नाही. २०२१ ला बाहेरचा दरच चढला. सबसिडी नसताना २०२१-२२ ला देशातनं सुमारे ११० लाख टन गेली, आमच्याकडनं पण कधी नव्हे एवढी गेली आणि बँक स्वतःहून किल्ली देत होती. नंतर २०२३-२४ ला तर सरकारनंच निर्यात थांबवली, ऊस कमी झाला आणि देशात साखर महागू नये म्हणून. शेतकऱ्याला बाहेरचा चांगला दर मिळायचा तेव्हा दार बंद, त्यात जिनिव्हाचा काही हात नाही.

टिळकवाडी_वाचक

दोन्ही असू शकतं. सबसिडी कमी होताना केस चालू होती आणि दर पण चढत होता, कुठल्या कारणाचा वाटा किती हे फायली बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. मी पैज लावणार नाही.

पण बैठकीतल्या त्या भाषणाबद्दल ठामपणे सांगतो. एफआरपी वाढवू नका असा आदेश भारताला लागू झालेला नाही. दर अडतो तो घरच्या गणितात. साखरेचा किमान विक्री दर २०१९ पासनं २०२५ पर्यंत किलोला ३१ वरच राहिला आणि त्याच काळात एफआरपी २७५ वरनं ३५५ वर गेली. मधला फरक कोण सोसणार ह्यावरनंच आपल्याकडं नोव्हेंबर २०२५ ला गुर्लापूर क्रॉसवर ऊसवाले आंदोलनाला बसले, टनाला ३५०० मागून ३३०० वर उठले. तिथल्या मागणीच्या कागदावर ब्राझीलचं नाव नव्हतं.

निपाणी_तंबाखूवाला

गुर्लापूरला आमी पण गेलोतो जेवण घेऊन. ते खरं हाय.

अथणीचा_ऊसवाला

सगळ्यांचे आभार. मी हे सगळं कागदावर उतरवून घेतोय, पुढच्या बैठकीत त्या पुढाऱ्यासमोर माझ्या ११२ टनाचा हिशोब मांडणार.

कारखाना साहेब, एक शेवटचं. गाठोड्यात २०१७-१८ चं पण बिल आहे. शेजारचा म्हणतोय त्या वर्षी पण क्विंटलला साडेपाच रुपये आले होते. माझ्या पासबुकात तशी नोंदच दिसत नाही. कुठं गेले?

उगार_कारखाना_अकाउंट्स

होय, त्या वर्षी ५.५० होते, टनाला ५५. तुमच्या बिलावर शेवटच्या हप्त्याची तारीख बघा. साहाय्य यायच्या आधी तुमची एफआरपी पूर्ण झाली असेल तर ते कारखान्याच्या खात्यावर गेलं, नियमानंच. पण हप्ता त्यानंतरचा असेल आणि तरी नोंद नसेल तर कारखान्याकडं लेखी विचारा, ऊस पुरवठादार क्रमांक आणि टनाचा आकडा टाकून. तारीख काय आहे?

अथणीचा_ऊसवाला

शाई उडालीय, महिना नीट वाचता येईना. उद्या उजेडात फोटो काढून टाकतो.